पालक बंद, की दूध बंद?

पालक खाल्ल्यावर थोड्या वेळानं दातांवरून जीभ फिरवली, तर दात खरखरीत लागतात. भाजी नीट धुतली नाही, माती राहिली, असा ठपका मग स्वयंपाक करणाऱ्यावर येतो. कधी तो खराही असतो. पण चार पाण्यांत धुतलेल्या पालकानंही दात असेच होतात, कारण पानातलं ऑक्झॅलेट आणि कॅल्शियम यांचे बारीक स्फटिक दातांवर बसतात. मूत्रपिंडात होणाऱ्या खड्यांपैकी सर्वांत जास्त खडे याच दोन द्रव्यांच्या जोडीचे, म्हणजे कॅल्शियम ऑक्झॅलेटचे असतात.

सोनोग्राफीत खडा दिसला, की घरात दोन फर्मानं निघतात. खडा ऑक्झॅलेटचा, म्हणून पालक बंद. खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही बंद. पहिलं फर्मान अर्धं बरोबर आहे. दुसरं चूक आहे, आणि ते पाळलं तर खडा होण्याची शक्यता कमी होण्याऐवजी वाढते. असं का, हे कळण्यासाठी जेवणाच्या ताटापासून लघवीपर्यंत ऑक्झॅलेटचा माग काढावा लागतो.

ऑक्झॅलेट बहुतेक वनस्पतींत थोडंफार असतंच. पालक, बीटचा पाला, राजगिरा, माठ, गोव्याकडची तांबडी भाजी, घोळ, आंबट चुका यांत ते भरपूर असतं. अळू तर घशाला खाजवून आपली ओळख देतं, कारण त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुया असतात. कच्च्या पालकात शंभर ग्रॅममागे साधारण ६०० ते ९०० मिलिग्रॅम ऑक्झॅलेट सापडतं. बीटचा पाला त्याच पंक्तीत बसतो. बीटच्या कंदात मात्र ते त्याहून बरंच कमी असतं. त्यामुळे बीटची कोशिंबीर आणि बीटच्या पाल्याची भाजी यांना एकाच मापानं मोजू नये. जात, हंगाम आणि पानाचं वय यांनुसार हे आकडे खूप हलतात, तेव्हा तक्त्यातल्या आकड्याला वजनकाट्याचा मान देण्यात अर्थ नाही.

पालक आणि बीटचा पाला यांचं नातं आपल्याकडे तर आणखी जवळचं आहे. आपल्या बाजारात पालक म्हणून येणाऱ्या ‘ऑल ग्रीन’ किंवा ‘पुसा ज्योती’सारख्या जाती वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं बीटच्याच प्रजातीतल्या आहेत. युरोप-अमेरिकेतलं स्पिनॅच ही वेगळी वनस्पती, एकाच कुळातली पण चुलत. म्हणजे ‘डॉक्टरांनी पालक सोडायला सांगितलाय, म्हणून बीटचा पाला आणला’ यात काही सोडलं असं होत नाही.

पानात ऑक्झॅलेट दोन रूपांत असतं. एक भाग कॅल्शियमशी आधीच बांधलेला असतो. तो पाण्यात विरघळत नाही, आतड्यातही फारसा शोषला जात नाही आणि शौचावाटे निघून जातो. दुसरा भाग पोटॅशियम आणि सोडियमबरोबर असतो. तो पाण्यात सहज विरघळतो आणि आतड्यातून रक्तात उतरू शकतो. पालकात हा विरघळणारा भाग मोठा असतो, आणि खडा होणाऱ्या माणसाचं वैर त्याच्याशीच आहे.

शरीराला ऑक्झॅलेटचा काहीही उपयोग नाही. यकृत स्वतःही थोडं ऑक्झॅलेट तयार करतं. आतड्यातून आलेलं आणि यकृतात झालेलं, असं सगळं मूत्रपिंडातूनच बाहेर टाकावं लागतं. निरोगी माणसाच्या चोवीस तासांच्या लघवीत ते साधारण ४० मिलिग्रॅमच्या आत असतं. कॅल्शियम त्याच लघवीत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास असू शकतं. रेणूंची संख्या मोजली, तर लघवीत कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुमारे दहापट भरतं. स्फटिक व्हायला दोघंही लागतात आणि त्यांतलं दुर्मीळ ऑक्झॅलेट आहे. त्यामुळे ऑक्झॅलेट वीस मिलिग्रॅमनं वाढलं, तरी स्फटिक होण्याकडचा कल चांगलाच वाढतो.

आता दूध-दह्याकडे वळू. जेवणातलं कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट आतड्यात एकमेकांना भेटले, तर तिथेच त्यांचं न विरघळणारं संयुग होतं आणि ते शरीराबाहेर जातं. कॅल्शियम हजर नसेल, तर ऑक्झॅलेट मोकळं राहतं, रक्तात शिरतं आणि त्याची कॅल्शियमशी गाठ पडते ती थेट मूत्रपिंडात. जर्मनीतल्या बॉन इथल्या संशोधकांनी २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांवर हे मोजून दाखवलं. दिवसाच्या आहारात कॅल्शियम फक्त २०० मिलिग्रॅम असताना, खाल्लेल्या ऑक्झॅलेटपैकी सरासरी १७ टक्के शोषलं गेलं. कॅल्शियम १२०० मिलिग्रॅमवर नेलं, तेव्हा तेच प्रमाण तीन टक्क्यांच्याही खाली आलं.

प्रत्यक्ष रुग्णांत काय होतं, याचं उत्तर त्याआधीच, २००२ मध्ये, इटलीतून आलं होतं. लोरिस बोर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, वारंवार कॅल्शियम ऑक्झॅलेटचे खडे होणाऱ्या आणि लघवीतून जास्त कॅल्शियम जाणाऱ्या १२० पुरुषांचे दोन गट केले. एका गटाला दूधदुभतं कमी करायला लावणारा, कमी कॅल्शियमचा आहार दिला. दुसऱ्याला कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी करायला सांगितलं. पाच वर्षांत पहिल्या गटातल्या ६० पैकी २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यातल्या ६० पैकी १२ जणांना. या निकालाचं श्रेय एकट्या कॅल्शियमला देता येत नाही, कारण दुसऱ्या गटाचं मीठही कमी होतं. पण दूध तोडण्याचा सल्ला त्यानंतर टिकला नाही. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना खड्याच्या रुग्णाला दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम आहारातून घ्यायला सांगतात. आपल्याकडे मात्र ‘खडा आहे ना, मग दूध कशाला’ हे वाक्य अजून पंक्तीत ऐकू येतं.

एवढ्यावरून पालक आणि दही कसंही एकत्र आणलं की काम झालं, असं समजू नये. हिशेब करून पाहू. एक मिलिग्रॅम कॅल्शियम फार तर २.२ मिलिग्रॅम ऑक्झॅलेट बांधू शकतं. शंभर ग्रॅम पालकात ७०० मिलिग्रॅम ऑक्झॅलेट धरलं आणि त्यातलं समजा ५०० विरघळणारं असलं, तर त्याला सव्वादोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम लागेल. घट्ट दह्याच्या मोठ्या वाटीत, म्हणजे दीडशे ग्रॅममध्ये, ते १८० ते २०० मिलिग्रॅमच्या घरात मिळतं. कागदावर तरी जोड बऱ्यापैकी जमते. पण तीन-चार चमचे दह्यात पेलाभर पाणी घालून केलेल्या ताकात साठ-सत्तर मिलिग्रॅमच असतं. शिवाय आतडं म्हणजे काचेची परीक्षानळी नव्हे. तिथे प्रत्येक रेणूला जोडीदार मिळतोच असं नाही. बॉनच्या प्रयोगातली ऑक्झॅलेटची मात्राही ताटभर पालकाच्या मानानं अगदी छोटी होती. म्हणून दही हे साहाय्य समजावं, परवाना नाही.

पनीरमध्ये कॅल्शियम दह्याहून दाट असतं. पालक-पनीर म्हणजे खड्याला आमंत्रण, असा एक समज फिरत असतो. खड्याच्या दृष्टीनं पाहिलं, तर नुसत्या पालकापेक्षा पालक-पनीर बरं. पालकातलं कॅल्शियम आणि लोह दोन्ही शरीराला कमीच मिळतात, हे खरं आहे. अमेरिकेत रॉबर्ट हीनी यांच्या गटानं १९८८ मध्ये मोजलं, तेव्हा दुधातलं सुमारे २७ टक्के कॅल्शियम शोषलं जात होतं आणि पालकातलं फक्त पाच टक्के. कारण पालकाचं कॅल्शियम ऑक्झॅलेटनं आधीच बांधून ठेवलेलं असतं. पालकात पुष्कळ कॅल्शियम असतं म्हणून दुधाऐवजी पालक खाणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

कॅल्शियम जेवणातच हवं, हे मात्र कटाक्षानं. रात्री झोपताना घेतलेला दुधाचा पेला दुपारच्या पालकासाठी काही करत नाही. हाडांसाठी कॅल्शियमची गोळी चालू असलेल्या पुष्कळ स्त्रिया ती रिकाम्या पोटी किंवा झोपताना घेतात. खडा होऊन गेला असेल, तर गोळीची वेळ जेवणाबरोबर आणता येईल का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं.

दुसरा उपाय पातेल्यातला आहे. विरघळणारं ऑक्झॅलेट पाण्यात उतरतं, म्हणून पाला भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं, तर त्याचा मोठा भाग निघून जातो. अमेरिकेत २००५ मध्ये वेगवेगळ्या भाज्यांवर केलेल्या मोजणीत, उकळल्यानं विरघळणारं ऑक्झॅलेट ३० ते ८७ टक्क्यांनी कमी झालं. वाफवल्यानं ते बरंच कमी प्रमाणात घटलं, कारण वाफेत ते उतरून जायला पाणीच नसतं. हिरवा रंग टिकावा म्हणून पालक मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून काढण्याची हॉटेलची पद्धत या कामाला अपुरी पडते. पानं चिरून, ती पोहतील एवढ्या पाण्यात पाच-सात मिनिटं उकळावीत, चाळणीत निथळावीत आणि पळीनं दाबून पाणी काढावं. त्या पाण्याबरोबर क जीवनसत्त्व, फोलेट आणि पोटॅशियमही जातं. ज्याला कधी खडा झाला नाही, त्यानं हे नुकसान सोसायचं कारण नाही.

आपली ताकातली पालकाची पातळ भाजी इथे मोठी मजेदार ठरते. पालक, डाळीचं पीठ, आंबट ताक: कॅल्शियम पातेल्यातच हजर. पण बहुतेक घरांत पालक कुकरमध्ये हरभऱ्याच्या डाळीसोबत, शेंगदाणे घालून शिजतो आणि ते पाणी भाजीतच जिरतं. पाण्यात उतरलेलं ऑक्झॅलेट भाजी सोडून कुठे जात नाही, वर शेंगदाण्यांची भर पडते. खड्याची सवय असलेल्यासाठी हीच भाजी करायची, तर पालक वेगळा उकळून पिळून घ्यावा, डाळ निराळी शिजवावी, शेंगदाणे मूठभर न घालता फोडणीत चार टाकावेत आणि ताक पाणीदार न घेता दही घुसळून दाट घ्यावं. चवीत फरक पडतो, हे कबूल. बीटच्या पाल्याला हीच रीत लागू आहे. त्याचे लाल देठ जाड असतात, ते वेगळे चिरून आधी टाकले की पानांबरोबर शिजतात. बीट खाल्ल्यावर काहींची लघवी गुलाबी होते, तो रंग बीटचा असतो. मात्र खडा असलेल्या माणसानं, बीट खाल्लेलं नसताना लघवी लाल दिसली, तर ते रक्त समजून तपासून घ्यावं.

आणि आता रस. सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी बागेबाहेर दुधी, कारलं, पालक, बीट, आवळा यांचे रस पेल्यात मिळतात, आणि घरोघरी मिक्सर आहेतच. खड्याच्या दृष्टीनं पालक खाण्याची याहून वाईट रीत सुचणं अवघड आहे. पाला कच्चा, म्हणजे काहीच उकळून गेलेलं नाही. रस गाळला, की न विरघळणारा, म्हणजे निरुपद्रवी भाग बराचसा चोथ्यात राहतो आणि विरघळणारा पेल्यात उतरतो. पोट रिकामं, सोबत दूध-दही नाही. शिवाय ताटात जेवढा पालक आपण एका बैठकीत खाऊ, त्याच्या दुप्पट-तिप्पट एका पेल्यात सहज मावतो.

हा रस कुठवर नेऊ शकतो, याची एक नोंद २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मूत्रपिंडविषयक नियतकालिकात आली. ६५ वर्षांच्या एका बाईंनी ‘शरीरशुद्धी’ म्हणून हिरव्या पालेभाज्यांचं पेय काही दिवस घेतलं. त्यांची मूत्रपिंडं ऑक्झॅलेटच्या स्फटिकांनी निकामी झाली. त्यांची पूर्वी वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया झालेली होती आणि त्या बऱ्याच काळ प्रतिजैविकं घेत होत्या. ही दोन्ही कारणं महत्त्वाची आहेत. अशा शस्त्रक्रियेनंतर चरबी नीट शोषली जात नाही. न शोषलेली चरबी आतड्यातलं कॅल्शियम अडकवून ठेवते आणि ऑक्झॅलेट मोकळं सुटतं. प्रतिजैविकं आतड्यातले ऑक्झॅलेट खाणारे जिवाणू मारू शकतात. ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे, ज्यांना आतड्याचा जुना आजार आहे किंवा ज्यांचं मूत्रपिंड आधीच अर्धवट काम करतं, त्यांनी पालकाच्या रसाच्या वाटेला जाऊ नये.

बाकीच्यांसाठी धोका इतका भयंकर नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ मध्ये हजारो स्त्री-पुरुषांच्या आहाराची नोंद तपासली, तेव्हा महिन्यात आठ किंवा अधिक वेळा पालक खाणाऱ्यांत खड्याचा धोका, क्वचितच खाणाऱ्यांच्या मानानं, पुरुषांत आणि वयस्क स्त्रियांत तीस टक्क्यांच्या आसपास अधिक दिसला. तरुण स्त्रियांत असा संबंध दिसला नाही. हा वाढावा मध्यम आहे. ज्याला कधीच खडा झाला नाही, त्यानं पालकाची जुडी पाहून दचकू नये.

म्हणून भाजी बदलण्याआधी, आपला खडा कोणता आणि लघवीत ऑक्झॅलेट वाढलंय का, हे कळणं अधिक मोलाचं. पडलेला खडा गाळणीत पकडून लॅबला देता येतो. तो युरिक ॲसिडचा किंवा जंतुसंसर्गाचा निघाला, तर पालक सोडून काहीच साधणार नाही. खडा ऑक्झॅलेटचा असेल, तर चोवीस तासांच्या लघवीची तपासणी. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहून ठेवायची, मग दिवसरात्रीची सगळी लघवी लॅबच्या कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळची शेवटची धरून. कॅनमध्ये आम्ल घातलेलं असू शकतं, ते सांडू किंवा अंगावर उडू देऊ नये. एकदा जरी लघवी कॅनबाहेर गेली, तर निकाल फसतो. आणखी एक हमखास होणारी गोष्ट म्हणजे तपासणीच्या दिवशी माणूस एकदम पथ्याचा पुतळा होतो. रस पिणाऱ्यानं त्या दिवशीही रस प्यावा, नाहीतर मोजायचं काय?

समजा, पन्नाशीतल्या एका गृहस्थांचा दुसरा खडा पडला. निघाला कॅल्शियम ऑक्झॅलेटचा. पहिल्या खड्यानंतर त्यांनी दूध सोडलं होतं आणि तब्येतीसाठी रोज सकाळी पालक-बीटचा रस सुरू केला होता. तपासणीत ऑक्झॅलेट ६८ मिलिग्रॅम आलं. पेल्यात शंभर ग्रॅम पालक, म्हणजे सुमारे ७०० मिलिग्रॅम ऑक्झॅलेट. त्यातलं पाच-सहा टक्के जरी रक्तात गेलं, तरी लघवीत पस्तीस-चाळीस मिलिग्रॅमची भर पडते, आणि आकडा जुळतो. इथे करायचं ते एवढंच: रस बंद, दोन्ही जेवणांत दह्याची वाटी परत, पालक महिन्यातून दोन-तीनदा, उकळून पिळलेला. इतर दिवशी मेथी, कोबी, दुधी, ज्यांत ऑक्झॅलेट पालकाच्या मानानं फारच कमी आहे. टोमॅटोच्या बियांवर उगाच राग धरायचा नाही, त्यातही ते थोडंच असतं. मीठ कमी, आणि पाणी इतकं की दिवसाची लघवी अडीच लिटरपर्यंत जाईल. मे महिन्यात विदर्भ-खानदेशात त्यासाठी चार लिटर पाणीही कमी पडू शकतं.

दीड-दोन महिन्यांनी तपासणी परत करायची. आकडा चाळिशीच्या आसपास आला, तर दोष रसाचाच होता. तो खाली आला नाही, तर गृहस्थांच्या औषधांच्या डब्यात पाहावं. क जीवनसत्त्वाच्या हजार मिलिग्रॅमच्या गोळ्यांतून शरीर ऑक्झॅलेटच बनवतं, आणि सर्दी होऊ नये म्हणून रोज एक घेणारे पुष्कळ आहेत. तेही नसेल आणि आकडा ऐंशीच्या वर असेल, तर कारण स्वयंपाकघरात नसून आतड्यात किंवा यकृतातल्या जन्मजात दोषात शोधावं लागतं. ते काम मूत्रपिंडतज्ज्ञाचं.